किचन ट्रॉलीची ऑर्डर कापायला घेण्याआधी: या चुका टाळा

ओट्याची उंची ३४ इंच. हे माप ज्यांचं किचन होतं त्या मॅडमना मान्य होतं, मला मान्य होतं, ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं आणि त्याखाली त्यांची सही होती. ओटा बनलाही बरोबर ३४ इंचच. तरी डिशवॉशर आत गेला नाही.

हिशोब असा. ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर, जमिनीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. ग्रॅनाइट १८ मिलिमीटरचं, म्हणजे खाली उरले ८४६. डिशवॉशरची उंची ८४५. कागदावर बसतो, अगदी एक मिलिमीटर शिल्लक ठेवून. पण ओट्याच्या पुढच्या कडेला जाड दिसावं म्हणून आपण डबल पट्टी लावतो, म्हणजे खालून आणखी एक १८ ची पट्टी चिकटवतो. त्या पट्टीखाली मोकळी जागा उरली ८२८. मशीन आत सरकवायचं ते पुढूनच. १७ मिलिमीटर कमी पडले, आमच्या मिस्त्रींच्या भाषेत पाच-साडेपाच सूत.

त्या मशीनचं वरचं झाकण काढता येत नव्हतं, पाय आधीच पूर्ण आत फिरवलेले होते. ग्रॅनाइट बसून दोन आठवडे झाले होते. पट्टी तेवढ्यापुरती कापली असती तरी एक मिलिमीटरच्या मोकळीकीत पन्नास किलोचं मशीन कोण सरकवणार? शेवटी डिशवॉशर गेला ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि त्या रिकाम्या गाळ्यात तीन ट्रॉल्या मी माझ्या पदरच्या बनवून दिल्या. ओटा ३५ इंचाचा ठरवला असता तर पट्टीखाली ८५३ मिळाले असते आणि मशीन आठ मिलिमीटर राखून आत गेलं असतं.

मी गेली बरीच वर्षं पुण्यात किचन ट्रॉली, ओटे आणि वॉर्डरोब करतो. भांडणं बहुतेक खराब कामावरून होत नाहीत. काम ड्रॉइंगप्रमाणे झालेलं असतं, आणि ग्राहकाच्या डोक्यात मात्र दुसरंच चित्र असतं. प्लाय एकदा पॅनल सॉवर चढला की ते चित्र जुळवायला कुणाकडे वाव राहत नाही. म्हणून खालच्या सगळ्या चुका कटिंगच्या आधीच्या आहेत.

चूक पहिली: "बसेल ना?" ला "बसेल" म्हणणं

वरच्या प्रकरणात डिशवॉशरचा विषय निघाला होता तो फोनवर. मॅडमनी विचारलं, "दादा, डिशवॉशर घ्यायचा विचार चाललाय, बसेल ना तिथे?" मी म्हटलं, "हो हो, दोन फुटांचा गाळा ठेवलाय." माझ्या डोक्यात रुंदी होती. साधारण सगळ्या मोठ्या डिशवॉशरची रुंदी ६०० च्या आत असते, आणि मी ६१० ठेवले होते. उंचीचा विचार मी केला नाही आणि त्यांनी विचारला नाही. त्यांनी का विचारावा? तो विचार करण्यासाठीच त्यांनी मला पैसे दिले होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमधलं कलम १६ असं सांगतं, की ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी आहे हे विक्रेत्याला कळवलं असेल, तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल आणि विक्रेता त्याच प्रकारचा माल देणारा असेल, तर ती वस्तू त्या कामाला साधारणपणे योग्य असली पाहिजे. बसवून देण्याच्या कामाला हे कलम जसंच्या तसं लागेल की नाही हा वकिलांचा प्रांत. पण न्याय म्हणून पाहिलं तर मॅडमची बाजू बरोबर होती. सही ३४ इंचावर होती, आणि बोलणं डिशवॉशरचं झालं होतं.

आता आमचा नियम असा आहे की ज्या गाळ्यात बाहेरून आणलेलं यंत्र बसणार आहे, त्या गाळ्याचं कटिंग मॉडेल नंबर हातात आल्याशिवाय होत नाही. हॉब, चिमणी, सिंक, मायक्रोवेव्ह, ओव्हन, डिशवॉशर, पाण्याचा फिल्टर, सगळ्यांना हेच लागू. हॉबच्या बाबतीत तर वरच्या काचेचं माप आणि ग्रॅनाइटमधल्या कटआउटचं माप वेगळं असतं. कटआउट कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते सारखं असेलच असं नाही. ग्राहक म्हणाला "तीन बर्नरचा घेणार आहे, तुम्ही नेहमीचं ठेवा", तर नेहमीचं असं काही नसतं हे तिथल्या तिथे सांगायचं.

मॉडेल ठरलेलं नसेल तर? तेही लिहायचं. "डिशवॉशरचा गाळा: रुंदी ६१०, पट्टीखाली मोकळी उंची ८५३. यापेक्षा मोठं मशीन बसणार नाही." हे वाक्य ग्राहकाच्या मोबाइलवर गेलं की दुकानात मशीन बघताना तो स्वतःच टेपने मोजतो. जबाबदारी ढकलण्यासाठी हे करत नाही, खरेदीच्या वेळी ग्राहकाच्या हातात आकडा असावा म्हणून करतो.

"२२ इंची ट्रॉली" म्हणजे नेमकं किती?

आमच्या धंद्यात मापाला बाहेरून एक नाव असतं आणि आतून दुसरं. आम्ही २२ इंची युनिट म्हणतो तेव्हा बाहेरून बाहेर ५५९ मिलिमीटर असतात. दोन्ही बाजूंचा १८-१८ चा प्लाय गेला की आत ५२३ उरतात. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच सोडावा लागतो, म्हणजे आणखी साधारण २६ गेले. ट्रॉलीची बास्केट बाहेरून भरली ४९७, साडेएकोणीस इंच. ग्राहकाने घरी २२ इंच टेप लावून आपली परात त्यात बसवून पाहिलेली असते.

यावर उपाय म्हणून आम्ही बाहेरचं माप कागदावरून काढलं नाही, कारण मिस्त्रीला तेच लागतं. फक्त त्याच्या शेजारी "आतली वापरायची जागा" असा वेगळा रकाना केला. खोलीचंही तसंच. २० इंची चॅनल म्हणजे बास्केट साधारण तेवढी खोल, ओट्याची खोली २४ इंच असली तरी.

उंचीच्या बाबतीत मी एक पाऊल पुढे जातो आणि मोजणीला गेलो की घरातला सगळ्यात मोठा कुकर बाहेर काढायला सांगतो. शिट्टीसकट मोजतो. आठ इंची बास्केट म्हणजे बास्केटची जाळी आठ इंच. तिच्यावर पुढच्या ट्रॉलीपर्यंत किती मोकळं आहे, यावर कुकर बसतो की नाही ते ठरतं. ज्या घरी आजी स्वयंपाकघर बघतात तिथे त्या न विचारता पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र सगळं दाखवतात. मी मनापासून खूश होतो. त्या मोदकपात्राचा व्यास कागदावर आला की माझं पुढचं भांडण वाचतं.

मोजणी कोणत्या अवस्थेत झाली हे न लिहिणं

नव्या फ्लॅटमध्ये ग्राहकाला घाई असते. टाइल्सवाला अजून आलेला नसतो आणि ग्राहक म्हणतो, "माप घेऊन जा, तोपर्यंत तुमचं काम तरी सुरू होईल." गिलावा ते गिलावा ८ फूट मिळतात, २४३८ मिलिमीटर. नंतर दोन्ही भिंतींना टाइल लागते. टाइल ९ मिलिमीटरची, चिकटवायच्या ॲडेसिव्हचा थर चार-पाच, म्हणजे एका बाजूला १४ आणि दोन्ही मिळून २८ गेले. जुन्या पद्धतीने सिमेंटच्या मालावर लावली तर एका बाजूला सहज २४ जातात. मग २४३८ ची जागा २४१० होते, कधी २३९०. बनवून आणलेलं युनिट दारात उभं राहतं आणि सगळे माझ्याकडे बघतात.

हे टाळायला मोजणीच्या कागदावर सर्वांत वर एक ओळ: "मोजणीच्या दिवशी भिंत गिलाव्यावर / पुट्टीवर / टाइलवर. खाली फरशी झालेली / नाही." जे असेल त्याला गोल करायचा. गिलाव्यावर मोजलेलं असेल तर त्या मापाला "अंदाजे" असा शिक्का मारतो आणि त्यावर कोटेशन देतो, कटिंग करत नाही. टाइल झाल्यावर पुन्हा जातो. दुसऱ्या फेरीला जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो, हे खरं. पण ओढ्यापलीकडच्या सोसायटीतून तयार युनिट परत आणून रंधा मारण्यापेक्षा तो अर्धा दिवस स्वस्त.

भिंतीही सरळ नसतात. आम्ही रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घेतो, सगळ्यात लहान माप धरतो. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघतो. बहुतेक वेळा नसतो. म्हणून युनिट आणि भिंत यांच्यामध्ये ३०-४० मिलिमीटरची फिलर पट्टी ठेवावी लागते. ती फटीइतकीच तासून बसवतात. आता गंमत अशी की ही पट्टी मिस्त्रीला इतकी सवयीची असते की तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही, आणि ग्राहकाला मात्र ती बसवल्यावर दिसते. "ही कड्याला पट्टी कसली? माप चुकलं ना तुमचं?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता ड्रॉइंगमध्ये फिलर वेगळ्या रंगाने भरतो आणि पहिल्याच भेटीत बोट ठेवून दाखवतो.

लॅमिनेटचा फोटो मंजूर करून घेणं

व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर रंग ठरवला तर समजा की रंग ठरलेलाच नाही. माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर एक, त्यांच्या स्क्रीनवर दुसरा, आणि प्रत्यक्षात तिसराच. खरा नमुना हातात द्यायचा हे सगळे जाणतात. तरी भांडण होतं, कारण नमुन्याच्या पाठीमागच्या तीन गोष्टी सुटतात.

पहिली, फिनिश. लॅमिनेटचा नंबर म्हणजे रंग-डिझाइन. त्याच नंबरात मॅट, सुएड, ग्लॉसी अशी वेगवेगळी फिनिश येते, आणि तोच रंग ग्लॉसीत वेगळा दिसतो. ऑर्डर देताना नंबर बरोबर आणि फिनिश चुकीचं, हे आमच्याकडे एकदा झालंय. त्या दिवसापासून नंबर आणि फिनिश एका ओळीत लिहितो, वेगळ्या ओळींत नाही.

दुसरी, लाकडाच्या रेषांची दिशा. नमुना हाताएवढा. त्यात रेषा उभ्या की आडव्या हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची आणि रेषा साधारणपणे आठ फुटांच्या दिशेने. वॉर्डरोबच्या उंच शटरला त्या उभ्या जातात, कुणाला प्रश्न पडत नाही. ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या समोरच्या पट्ट्यांवर मात्र त्या आडव्या घ्यायच्या की उभ्या, हा निर्णय घ्यावाच लागतो. उभ्या घेतल्या तर तीन ट्रॉल्यांवरून एकच सलग रेषा खाली उतरते, दिसायला छान, पण तिन्ही तुकडे शीटच्या एकाच ठिकाणाहून एकाखाली एक कापावे लागतात आणि शीट जास्त लागते. हे ग्राहकाला विचारायचं आणि लिहून घ्यायचं: "ट्रॉल्या: रेषा उभ्या, सलग." नाही विचारलं तर मिस्त्री जिथे शीट वाचते तिथून कापतो. त्यात त्याची चूक नाही.

तिसरी, उजेड. आमच्या शोरूममध्ये पांढरी ट्यूब आहे. ग्राहकाच्या घरी पिवळट उबदार दिवे. राखाडी लॅमिनेट इथे निळसर दिसतं आणि तिथे तपकिरी. म्हणून नमुना घरी न्यायला देतो, आणि टाइलच्या शेजारी उभा धरून रात्री, किचनचे दिवे लावून बघा म्हणतो. आडवा ओट्यावर ठेवून नको, शटर उभं असतं.

मंजूर झाला की नमुन्याच्या पाठीवर नंबर, फिनिश, तारीख आणि ग्राहकाची सही. मग तो करवतीने मधोमध कापतो, सहीसकट. अर्धा त्यांच्याकडे, अर्धा आमच्या फाइलला. कधी वाद झाला तर दोन तुकडे शेजारी ठेवले की सहीची रेघ जुळते, आणि शटरशी ताडून बघता येतं. त्याच सेल ऑफ गुड्स ॲक्टच्या कलम १७ मध्ये नमुना दाखवून केलेल्या विक्रीची गोष्ट आहे, की माल नमुन्याशी जुळला पाहिजे. तो नमुना कुणाचा खरा, हा प्रश्नच या कापलेल्या तुकड्याने मिटतो.

एक मर्यादा मात्र कबूल करून टाकावी. नमुना जुन्या लॉटमधला आणि शीट नव्या लॉटमधल्या असतील तर छटेत उन्नीस-बीस फरक पडतो. आम्ही एका किचनच्या सगळ्या शीट एकाच वेळी, एकाच लॉटच्या उचलतो आणि एखादी जास्तीची घेतो. दोन वर्षांनी "तसलंच एक कपाट वाढवा" म्हणाल तर तंतोतंत जुळेलच असं नाही, हे वाक्यही कागदावर असतं.

प्लायबद्दल थोडक्यात. "वॉटरप्रूफ प्लाय" हा शब्द कोटेशनमध्ये वापरूच नका. आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ मधला एमआर ग्रेड म्हणजे बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात तो. सिंकखाली कोणता, बाकी कुठे कोणता, ते नंबरासकट लिहा, आणि प्लाय आला की शीटवरच्या शिक्क्याचा फोटो ग्राहकाला पाठवा. शटर लागल्यावर शिक्का लॅमिनेटखाली जातो.

डावं कुणाचं?

"गॅसच्या डावीकडे मसाल्याची बाटली ट्रॉली." ग्राहकाने हे हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, किचनकडे बघत. मी लिहिलं. ओटा होता इंग्रजी एल आकाराचा, आणि गॅस आडव्या बाजूवर. मिस्त्रीने ड्रॉइंग ओट्याकडे तोंड करून वाचलं. ट्रॉली उजव्या भिंतीला गेली, जिथे नळाचा पाइप होता.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर माणसाची छोटी आकृती असते, ओट्याकडे तोंड करून उभी. डावं-उजवं तिचं. शटर कुठल्या बाजूला उघडतं हेही तिच्याच हाताने ठरतं. फ्रिजच्या शेजारच्या शटरला हे विशेष महत्त्वाचं.

पण खरं सांगायचं तर ड्रॉइंग वाचता येणारा ग्राहक फार कमी भेटतो. थ्रीडी चित्र दाखवलं की सगळे खूश होतात, आणि त्यात मापाचा अंदाज काहीच येत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे मास्किंग टेप, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. टाइल झालेल्या भिंतीवर ओट्याची उंची, वरच्या कपाटाचा तळ, चिमणीची रुंदी, सगळं खऱ्या मापात टेपने चिकटवतो. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला समोर उभं करतो. काल्पनिक भाजी कापायला सांगतो. वरच्या कपाटाची दुसरी फळी हाताला येते का ते पाहतो. एका घरी मावशींनी हात वर केला आणि टेपच्या चार बोटं खाली थांबल्या. कपाट दोन इंच खाली आलं, वीस मिनिटांत. हीच गोष्ट फिटिंगनंतर कळली असती तर भिंतीत नवी भोकं, टाइलला तडे आणि आमची दोन दिवसांची मजुरी.

"ठीक आहे" नेमकं कशाला?

ग्राहकाला तुम्ही पाच वेळा पीडीएफ पाठवता. तो तिसऱ्याला बदल सांगतो, चौथीत बदल येतो, पाचवीत आणखी एक. खाली त्याचा अंगठा येतो. तो अंगठा कशाला आहे? व्हॉट्सॲपवरच्या होकाराला किंमत नसते असं नाही. फक्त तो कुठल्या फाइलला आहे ते सांगता आलं पाहिजे.

आमच्या फाइलच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत "आवृत्ती ३" आणि तारीख असते. होकार मागताना मेसेज असा जातो: "आवृत्ती ४, १२ तारीख, एकूण ६ पानं. ही मंजूर असल्यास 'आवृत्ती ४ मंजूर' असं लिहून पाठवा. कटिंग सोमवारी सकाळी." नुसता अंगठा आला तर मी फोन करतो. आणि वर्कशॉपमध्ये नवी आवृत्ती लागली की जुना प्रिंट फाडून टाकायचा, मिस्त्रीसमोर. पाठकोरा म्हणून हिशोबाला ठेवायचा नाही. एकदा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरूनच कटिंग सुरू झालं, दोन ड्रॉवरच्या जागी एक शटर होतं तेही जुन्यासारखं कापलं गेलं.

होकार कुणाचा हाही प्रश्न आहे. पैसे मुलगा देतो, तो हिंजवडीला असतो आणि सगळ्याला हो म्हणतो. किचन वापरते आई किंवा बायको. नंतर आई म्हणते, "मला कुणी विचारलंच नाही." म्हणून पहिल्या भेटीतच विचारून टाकतो, "शेवटचा शब्द कुणाचा?" आणि त्या व्यक्तीशी फोनवर एकदा पूर्ण वाचन करतो. वाचन म्हणजे मी विचारतो आणि त्या सांगतात. असं:

"ताई, सिंकखाली काय आहे सांगा बरं."

"डस्टबिन. आणि सिलिंडर."

"सिलिंडर? तुमची पाइपलाइन आली ना?"

"आली हो, पण एक जुना ठेवायचाय. पाइपलाइन बंद पडली तर?"

हा सिलिंडर माझ्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हता. सही झाल्यावर चार दिवसांनी, कटिंगच्या आदल्या संध्याकाळी निघाला. मी स्वतःच वाचून दाखवलं असतं तर त्यांनी "हो, हो" केलं असतं, आणि तो निघालाच नसता.

बदलाचा नियमही त्याच कागदावर, दोन वाक्यांत: कटिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत बदल केला तर फक्त सामानातला फरक. त्यानंतर केला तर कापलेल्या शीटची किंमत आणि पुन्हा कापायची मजुरी ग्राहकाची. बहुतेकांना हे पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी सोमवारी सकाळी नव्हे, आत्ताच बोलणं बरं.

तरी वाद झालाच तर

फोनवर निकाल लावायचा नाही. फाइल, नमुन्याचा अर्धा तुकडा आणि टेप घेऊन जायचं, आणि टेपचं एक टोक ग्राहकाच्या हातात द्यायचं. मापाचा वाद असेल तर आधी ड्रॉइंगवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मग जागेवर मोजायचं. तीनपैकी एकच गोष्ट निघते. युनिट ड्रॉइंगपेक्षा वेगळं बनलं असेल तर चूक आपली, बदलून द्यायचं, हुज्जत नाही. युनिट ड्रॉइंगप्रमाणे आहे पण जागा बदललीय, म्हणजे मोजणीनंतर टाइल किंवा पीओपी झालंय, तर मोजणीच्या कागदावरची गोल केलेली ओळ दाखवायची आणि खर्च कसा वाटायचा ते तिथेच ठरवायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. युनिट बरोबर, जागा बरोबर, आणि ग्राहकाला हवं होतं ते कागदावर कधी आलंच नाही. अशा वेळी मी फोनमधले जुने मेसेज वर वर सरकवत बघतो, की त्यांनी कधी त्याचा उल्लेख केला होता का. मॅडमनी डिशवॉशरचा उल्लेख फोनवर केला होता, मेसेजमध्ये नाही. मला तो आठवत होता. म्हणून ट्रॉल्या माझ्या खर्चाने गेल्या. आता असा फोन आला की ठेवल्यावर लगेच एक मेसेज करतो, "आत्ता बोललो त्याप्रमाणे डिशवॉशर घेण्याचा विचार आहे, मॉडेल ठरलं की कळवा, तोपर्यंत तो गाळा कापत नाही."

गेल्या महिन्यात एका काकांनी त्याला उत्तर पाठवलं: "डिशवॉशर रद्द. बायको म्हणते भांडी मीच घासणार." मी विचारलं, मीच म्हणजे नक्की कोण? उत्तर आलं, "मी." मग त्या गाळ्यात त्यांच्या उंचीला जमेल असा भांड्यांचा रॅक घेतला, आणि माप लिहिण्याआधी काकांनाच टेपसमोर उभं केलं.